एका ‘ने’च्या दोन दिशा

समजा, सुरतेजवळच्या कडोदऱ्याच्या चार रस्त्यावर एका टेम्पोवाल्याच्या खिशातून चिठ्ठी पडली. तिच्यावर एवढेच लिहिले आहे: ‘रमेशने पांचसो आप्या.’ ‘आप्या’ म्हणजे दिले, हे सुरतेकडे आलेल्या माणसाला चार दिवसांत कळते. ‘पांचसो’ तर उघडच आहे. तेव्हा मराठी माणूस वाचतो, रमेशने पाचशे दिले. गुजराती माणूस तीच अक्षरे वाचतो आणि समजतो, रमेशला पाचशे दिले. चिठ्ठी एकच आहे, पण एकाच्या वाचनात रमेशच्या खिशातून पैसे गेले आणि दुसऱ्याच्या वाचनात ते त्याच्या खिशात आले.

हिशेबात हा घोटाळा पाचशेचा होत नाही, हजाराचा होतो. पहिल्या वाचनात रमेशचे पाचशे येणे निघतात आणि दुसऱ्यात त्याच्याकडे पाचशे निघतात. दोन आकड्यांमधले अंतर हजाराचे आहे. रोज अशी एक नोंद होत राहिली, तर ३० दिवसांनी एकाच्या वहीत १५,००० येणे आणि दुसऱ्याच्या वहीत १५,००० देणे दिसेल. म्हणजे ३०,००० रुपयांचा फरक, आणि त्याचे मूळ एका अक्षरात.

कडोदऱ्यातच ही गोष्ट का सांगायची, तर इथली जागाच तशी आहे. मुंबई–अहमदाबाद महामार्ग आणि सुरत–बारडोली रस्ता इथे एकमेकांना छेदतात. बारडोलीचा रस्ता पुढे व्यारा, नवापूरवरून खानदेशात जातो. जवळच्या चलथाणवरून उधना–जळगाव लोहमार्ग जातो. सुरत पट्ट्यातल्या कापडाच्या आणि रंगाई-छपाईच्या कारखान्यांत जळगाव-धुळे-नंदुरबारची माणसे आहेत, ओडिशाची आहेत, उत्तर प्रदेश-बिहारची आहेत आणि गुजराती तर आहेतच. कोणी कोणाला काय दिले, हे सांगण्याच्या चार-पाच वेगवेगळ्या रीती इथे एकाच चहाच्या टपरीवर ऐकू येतात.

एकच वाक्य घेऊ. मराठीत: रमेशने सुरेशला पाचशे रुपये दिले. गुजरातीत: रमेशे सुरेशने पांचसो रुपिया आप्या. हिंदीत: रमेश ने सुरेश को पाँच सौ रुपये दिये. ओडियात: रमेश सुरेशकु पांचशह टंका देला. या वाक्यांमधल्या ‘ने’कडे पाहा. मराठीत आणि हिंदीत तो देणाऱ्याला चिकटलेला आहे, गुजरातीत घेणाऱ्याला. ओडियात देणाऱ्याला काहीच चिकटलेले नाही. गुजराती देणारा फक्त एका मात्रेवर ओळखला जातो: रमेश नव्हे, रमेशे.

सर्वनामांत तर ही रेष आणखी बारीक होते. गुजरातीत ‘तेणे’ म्हणजे त्याने आणि ‘तेने’ म्हणजे त्याला. ‘कोणे कोने मार्यो?’ म्हणजे कोणी कोणाला मारले? मारणारा आणि मार खाणारा यांच्यात फरक आहे तो ण आणि न यांचा. मराठी कानाला ‘तेने’ ऐकू आले की तो आपल्या ‘त्याने’कडे धावतो आणि मार खाणाऱ्यालाच मारणारा ठरवून बसतो.

२०११च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते आणि गुजराती सांगणारे ५ कोटी ५५ लाख. म्हणजे ८ कोटींहून जास्त माणसांना ‘ने’ ऐकला की कर्ता दिसतो, आणि साडेपाच कोटी माणसांना त्याच ‘ने’मध्ये ज्याला मिळाले तो दिसतो. हिंदीचे ५२ कोटी ८३ लाख मराठीच्या बाजूला धरायचा मोह होतो, पण ते सगळे तसे धरता येत नाहीत. त्या आकड्यात भोजपुरीसारख्या बोलींचे ५ कोटींहून अधिक बोलणारे मोजलेले आहेत आणि भोजपुरीत कर्त्याला ‘ने’ लागतच नाही.

आता कोणी म्हणेल, क्रियापद पाहा, कर्ता कळेल. इथे क्रियापद साक्ष देत नाही. मराठीत भूतकाळातले सकर्मक क्रियापद कर्त्याशी जुळत नाही, दिलेल्या वस्तूशी जुळते. रुपये दिले, साडी दिली, कापड दिले. देणारा रमेश असो वा रमा, ‘दिले’ बदलत नाही. गुजरातीचेही तेच आहे: रुपिया आप्या, साडी आपी. देणारा आणि घेणारा यांच्याविषयी क्रियापद दोन्ही भाषांत गप्प राहते, म्हणून सगळा भार नावाच्या शेपटावर येतो.

मग ओळखायचे कसे? एक खूण मराठीनेच ठेवली आहे, ती सामान्यरूपाची. मराठी शब्द प्रत्यय घेण्याआधी स्वतः बदलतो: मालक, पण मालकाने. मुलगा, पण मुलाने. त्या मधल्या ‘का’तला काना हीच मराठीची सही आहे. गुजरातीत ‘मालिकने’ म्हणतात, तिथे हा काना येत नाही. म्हणून ‘मालकाने’ आणि ‘मालिकने’ यांची गल्लत सहसा होत नाही. गल्लत होते ती जिथे आपण सामान्यरूप टाकून देतो तिथे. जुन्या वळणाने ‘रमेशाने’ लिहिले असते, तर चिठ्ठीचा प्रश्नच आला नसता. आज आपण विशेषनामांना आणि इंग्रजीतून आलेल्या शब्दांना बहुधा काना देत नाही. रमेशने, मॅनेजरने, सुपरवायझरने. आणि कारखान्यात नेमके हेच शब्द सर्वांत जास्त बोलले जातात. ‘मॅनेजरने फोन कर्यो’ हे गुजराती वाक्य मॅनेजरला फोन केल्याचे सांगते. मराठी कानाला ते मॅनेजरने फोन केल्याचे वाटते, आणि तो मॅनेजरच्या पुढच्या निरोपाची वाट पाहत बसतो.

हे झाले एका प्रत्ययाचे. अशी शेपटे वाक्याला किती मोकळीक देतात, ते आता मोजून पाहू.

इंग्रजीत देणारा आणि घेणारा ओळखायचा तो जागेवरून. ‘रमेश गेव्ह सुरेश फाइव्ह हंड्रेड’ यात दोन नावांची अदलाबदल केली की पैसे उलटे वाहू लागतात. इंग्रजीजवळ ‘टू’, ‘फ्रॉम’, ‘बाय’ असे नावाच्या आधी उभे राहणारे सुटे शब्द आहेत. पण मुख्य कर्त्यासाठी तसा शब्द नाही, त्याची खूण म्हणजे क्रियापदाच्या आधीची जागा. मराठीत खूण नावासोबतच फिरते. ‘सुरेशला रमेशने’ म्हणा की ‘रमेशने सुरेशला’, पैसे त्याच दिशेने जातात.

वाक्य थोडे वाढवू. ‘रमेशने काल मिलच्या गेटवर सुरेशला पाचशे रुपये दिले.’ यात सहा तुकडे आहेत: रमेशने, काल, मिलच्या गेटवर, सुरेशला, पाचशे रुपये, दिले. सहा तुकडे ७२० प्रकारे मांडता येतात. एक वाक्य म्हणायला पाच सेकंद धरले, तर सगळी म्हणून व्हायला बरोबर एक तास लागेल. त्या तासाभरात एकदाही पैसे चुकीच्या माणसाकडे जाणार नाहीत.

आता चार तुकडे आणखी घालू: साडेसहा वाजता, सगळ्यांसमोर, आईच्या औषधासाठी, रोख. दहा तुकडे झाले. मांडण्या होतात ३६,२८,८००. लांब वाक्यालाही तेवढेच पाच सेकंद दिले, तरी न झोपता, न थांबता २१० दिवस लागतील. दिवाळीला सुरुवात केली तर उन्हाळा सरत येईपर्यंत तोंड चालू राहील.

या आकड्याला दोन मर्यादा आहेत आणि त्या मांडल्याशिवाय तो खरा होत नाही. पहिली अशी की मराठी क्रियापदाला शेवटी बसायला आवडते. ‘दिले’ शेवटी पक्के ठेवले, तर नऊ तुकड्यांच्या ३,६२,८८० मांडण्या उरतात आणि २१० दिवसांचे २१ दिवस होतात. दुसरी मर्यादा अधिक बोलकी आहे. ‘आईच्या औषधासाठी’ या तुकड्यावर कोणाची आई, हे लिहिलेले नाही. तो सुरेशला चिकटून आला की सुरेशची आई आजारी वाटते, रमेशशेजारी आला की रमेशची. म्हणजे जे प्रत्ययाने बांधले आहे ते कुठेही गेले तरी सुटत नाही, आणि जे बांधलेले नाही ते लगेच जागेच्या आधाराला जाते.

प्रत्यय नसतील तेव्हा मराठीही इंग्रजीसारखी वागते, हे ‘मांजर उंदीर खाते’ या वाक्यात दिसते. दोन्ही नावे उघडी आहेत, म्हणून आपण आधीच्याला कर्ता धरतो. क्रम उलटला की ऐकणारा क्षणभर थबकतो. ‘उंदराला मांजर खाते’ म्हटले की तो थबकत नाही, कारण ‘ला’ने काम केलेले असते. क्रम आणि प्रत्यय हे एकाच कामाचे दोन पगारी नोकर आहेत. एक रजेवर गेला की दुसऱ्यावर बोजा पडतो.

तिसरी मोजणी एका शब्दाची. सुरतेच्या बाजारातलाच शब्द घेऊ, तागा. इंग्रजीत एखाद्या साध्या नामाची लिहिता येणारी रूपे चार: एकवचन, अनेकवचन आणि त्या दोघांची ‘चा-ची-चे’ या अर्थाची रूपे. मराठी तागा किती रूपे घेतो?

आधी तागा आणि तागे, ही दोन मोकळी रूपे. मग दोन सामान्यरूपे: ताग्या आणि ताग्यां. प्रत्येकाला साधे विभक्तिप्रत्यय दहा धरू: ला किंवा ना, स, ने किंवा नी, शी, हून, त, आणि चा, ची, चे, च्या. शब्दयोगी अव्यये मराठीत पुष्कळ आहेत. त्यांतली रोजची ३० घेऊ: साठी, वर, खाली, मुळे, पासून, पर्यंत, बद्दल, समोर अशी. एका सामान्यरूपावर ४० जोड झाले, दोघांवर ८०. एकेका सामान्यरूपावरचे २० जोड असे आहेत की त्यांच्यावर पुन्हा चा-ची-चे-च्या किंवा ला-ली-ले-ल्या बसते: ताग्यावरचा, ताग्यातला, ताग्यासाठीचा. त्याची १६० रूपे. सगळे मिळून २४२. इंग्रजीचे चार आणि मराठीचे दोनशे बेचाळीस.

पण खरी उडी इथून पुढे आहे. ‘चा’ लागला की नामाचे विशेषण होते आणि मराठीत विशेषण पुन्हा नाम होऊ शकते. घरचे, म्हणून घरच्यांना. ताग्यावरचा, म्हणून ताग्यावरच्याला. त्या नव्या नामाला पुन्हा तेच ८० आणि तेच १६० जोड लागतात. आपल्या मोजणीत तागा या शब्दातून असे ४२ नवे नामाचे खांब उभे राहतात. प्रत्येकावर २४० रूपे धरली की दुसऱ्या मजल्यावर १०,०८० रूपे होतात. तिसऱ्या मजल्यावर खांब ४२ गुणिले ४२, म्हणजे १,७६४, आणि रूपे ४,२३,३६०. तीन मजल्यांची बेरीज ४,३३,६८२. या प्रत्येकाच्या शेवटी काहीच नाही, च, ही किंवा सुद्धा असे चार पर्याय. एकूण १७,३४,७२८.

सतरा लाखांवर रूपे, तीही एका ‘तागा’ शब्दाची. तीन सेकंदांना एक म्हटले तरी रात्रंदिवस मिळून साठ दिवस लागतील. आणि चौथा मजला बांधायला व्याकरण कुठेच मनाई करत नाही.

मनाई करते ती माणसाची स्मरणशक्ती. रोजच्या बोलण्यात पहिला मजला वापरात असतो, दुसऱ्यावर अधूनमधून जाणे होते, तिसऱ्यावर क्वचित. तरीही तिसऱ्या मजल्याचा शब्द ऐकला की कळतो, हे महत्त्वाचे. कोणी म्हणाला, ‘कडोदऱ्यातल्यांच्याकडूनसुद्धा वर्गणी आली,’ तर हा शब्द आयुष्यात पहिल्यांदा ऐकूनही एकाही मराठी माणसाला तो विचारावा लागत नाही.

हा शब्द उलगडून पाहण्यासारखा आहे. मूळ नाव कडोदरा. मराठीने त्याला बडोद्यासारखेच वागवले आणि कडोदऱ्या केले. गुजराती ‘कडोदरामां’ म्हणते आणि नावाला हात लावत नाही. मग ‘त’ आला, आत असल्याचा. मग ‘ल्यां’, तिथे असणाऱ्या माणसांचा. मग ‘च्या’, पुढच्याला जोडणारा. मग ‘कडून’, आणि शेवटी ‘सुद्धा’. आता हेच इंग्रजीत म्हणा: ‘ईवन फ्रॉम दोज इन कडोदरा.’ ईवन म्हणजे सुद्धा, फ्रॉम म्हणजे कडून, दोज म्हणजे ल्यां, इन म्हणजे त, आणि शेवटी कडोदरा. क्रम आरशात पाहिल्यासारखा बरोबर उलटा. इंग्रजी बाहेरच्या दारातून आत शिरत गावापर्यंत येते, मराठी गावातून निघून एकेक दार ओलांडत बाहेर येते. जोडणारा ‘च्या’ सोडला तर दारे तेवढीच आहेत.

म्हणून चार विरुद्ध सतरा लाख या आकड्यांवरून मराठी इंग्रजीपेक्षा जास्त सांगू शकते असा निष्कर्ष काढता येत नाही. इंग्रजीने तेच काम सुट्या शब्दांत केले, मराठीने शब्दाच्या पोटात. हिंदी तर ‘रमेश ने’ असे जागा सोडून लिहिते आणि मराठी ‘रमेशने’ असे जोडून. बोलताना दोघांत फारसा फरक नाही, पण लिहिण्याच्या या एका सवयीमुळे हिंदीची रूपसंख्या कमी भरते आणि मराठीची वाढते. आकडा भाषेचे वजन सांगत नाही, ते वजन कोणत्या खांद्यावर ठेवले आहे ते सांगतो.

जगाकडे पाहिले तर खांदे बदलण्याचे हे प्रकार सगळीकडे दिसतात. भाषांच्या रचनेच्या जागतिक नकाशासंग्रहात नामाच्या विभक्तींसाठी २६१ भाषा तपासल्या आहेत. त्यांतल्या १०० भाषांत विभक्तीची रूपे अजिबात नाहीत आणि २४ भाषांत दहा किंवा त्याहून जास्त विभक्ती आहेत. फिनिश भाषेत पंधरा आहेत. कॉकेशस पर्वतातल्या दागिस्तानमध्ये आर्ची नावाची एक स्वतंत्र भाषा आहे. बोलणारे हजार-बाराशे. रशियन भाषाशास्त्रज्ञ किब्रिक यांनी तिच्या एका क्रियापदाची शक्य रूपे मोजली, ती १५,०२,८३९ निघाली. आपल्या ताग्याची मोजणी त्याच पट्टीत बसते, फक्त आपण ती चहा पिता पिता करू शकलो, कारण आपले प्रत्यय एकामागून एक सरळ बसतात.

ते असे सरळ का बसतात, याचे उत्तर मागच्या दोन हजार वर्षांत आहे. संस्कृतात आठ विभक्ती आणि तीन वचने, म्हणजे २४ घरे. ‘राम’ शब्दाची ती घरे भरली की वेगळी रूपे फक्त १७ निघतात, कारण ‘रामाभ्याम्’सारखे एकच रूप तीन घरांत राहते. प्राकृतातून येताना शेवटचे उच्चार झिजत गेले आणि एकेका रूपाला आणखी जास्त घरे सांभाळावी लागली. मराठीपर्यंत येईतो नामाची मुख्य दोनच रूपे उरली, सरळ रूप आणि सामान्यरूप. कोण कोणाला हे सांगायला ती पुरेनात, तेव्हा ला, ने, चा ही नवी शेपटे सामान्यरूपाला लागली. जुने प्रत्यय शब्दात विरघळलेले होते. नवे प्रत्यय नुसते जोडलेले आहेत, म्हणून त्यांचे मजले चढतात.

प्रत्येक शेजाऱ्याने ही शेपटे आपापल्या परीने लावली. मराठी म्हणते रामाला, घरात, रामाचा. गुजराती म्हणते रामने, घरमां, रामनो. आणि खानदेशातून कडोदऱ्याला आलेला माणूस घरी अहिराणीत म्हणतो रामले, घरमा, रामना. ‘मा’ आणि ‘ना’ गुजरातीच्या दारचे, ‘ले’ मराठीच्या ‘ला’जवळचा. ग्रियर्सनने भारतीय भाषांच्या पाहणीत मराठीला सातवा खंड दिला, पण खानदेशी तिथे न ठेवता १९०७ साली भिल्ल बोलींबरोबर नवव्या खंडात, गुजरातीच्या शेजाऱ्यांत ठेवली. बोली कोणाची, हा वाद अशाच दोन-तीन अक्षरांभोवती फिरतो.

या सगळ्याला सुरतेशी जोडणारा एक माणूस आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकर. १८३६ साली त्यांनी मराठी व्याकरण छापले आणि मराठी मुलांच्या पाटीवर विभक्तीचा तक्ता आला. पुढे ते सुरतेत शिक्षक होते. १८४४ साली दुर्गाराम मेहता आणि इतरांबरोबर त्यांनी तिथे मानवधर्मसभा सुरू केली. गुजराती मित्रांबरोबर त्यांचे दिवस गेले, म्हणजे ज्याने ‘ने’ला तृतीयेच्या घरात बसवले, त्याच्या कानावर तोच ‘ने’ चतुर्थीचे काम करताना रोज पडत असणार.

तेव्हा चार रस्त्यावरच्या त्या चिठ्ठीकडे परत जाऊ. ती वाचायला कोश लागत नाही. नावाच्या शेवटी काय आहे तेवढे पाहायचे. ‘मालक’सारख्या नावाला मधे काना आला असेल, ‘मालकाने’, तर मराठी हात आहे आणि तो माणूस देणारा. काना नसून नुसता ‘ने’ असेल, तर आधी पुढचे क्रियापद कोणत्या भाषेतले आहे ते पाहायचे: ‘दिले’ असेल तर देणारा, ‘आप्या’ असेल तर घेणारा. आणि नुसती मात्रा असेल, ‘रमेशे’, तर गुजराती देणारा. पाचशे रुपये कोणाच्या खिशात आहेत, हे या तीन खुणांत कळते. आणि आपण स्वतः चिठ्ठी लिहीत असू, तर ‘रमेशाने’ असा एक काना जास्त द्यावा. शाईचा एक थेंब लागतो, आणि हजाराचा घोटाळा टळतो.